काजू कारखान्यातली गरोदर बाई: धोका कसा मोजायचा, काम कसं बदलायचं

सिंधुदुर्ग-रत्नागिरीत काजूचा हंगाम मार्चला सुरू होतो आणि मे संपेपर्यंत कारखान्यात श्वास घ्यायला फुरसत नसते. कामाला बहुतेक बायकाच असतात. त्यातल्या कुणाला ना कुणाला दिवस गेलेले असतातच, आणि नेमका हाच काळ उकाड्याचा. मी अशाच एका लहान कारखान्यात बरीच वर्षं सुपरवायझर आहे. नव्याने सुपरवायझर झालेल्यांसाठी आणि नवीन युनिट टाकणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. गरोदर बाईसाठी कोणतं काम धोक्याचं, ते कसं ओळखायचं आणि बदल करताना कुठे चुकतं, एवढंच यात आहे.

कॅशू प्रोसेसिंग म्हटलं की डोळ्यांसमोर पांढरे शुभ्र काजूगर येतात. पण बी ते गर या प्रवासात उष्णता, रसायन आणि वजन हे तिन्ही धोके एकाच छपराखाली येतात. कुकरमध्ये वाफ दिली जाते, टरफलातलं तेल उततं, बॉयलरला टरफलंच जाळतात त्याचा धूर होतो, गोदामात किडीच्या गोळ्या ठेवतात आणि बी सतत उचलावी लागते. त्यामुळे एक जागा बदलून काम भागत नाही. एका धोक्यापासून बाजूला केलेली बाई दुसऱ्याच्या पुढ्यात जाऊन बसते. मी स्वतः हे केलेलं आहे, पुढे सांगते.

पहिली पायरी: मजुरीचं आधी ठरवा

धोक्याची यादी नंतर करा. आधी मालकासोबत बसा आणि मजुरीचा नियम लिहून घ्या, कारण बाईने सांगितलंच नाही तर पुढचं सगळं कागदावरच राहतं. आणि ती सांगत नाही याचं कारण लाज नाही, मजुरी आहे.

आमच्याकडे कुकरवर रोजाने पैसे मिळतात, सोलणीला किलोवर. कुकरवरची बाई सोलणीला बसवली की पहिले दोन महिने तिचा हातच बसत नाही. समजा कुकरवर तिला ४०० रुपये रोज मिळत होते आणि सोलणीला दिवसाचे २५० झाले. गरोदर बाईला काम हलकं दिलं म्हणून आपण समाधानात, आणि ती घरी रोज दीडशे रुपये कमी घेऊन जाते. शेजारीण हे बघते. पुढच्या वर्षी शेजारणीला दिवस जातात तेव्हा ती पाचव्या महिन्यापर्यंत गप्प राहते.

आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. मातृत्व लाभाची रक्कम रजेवर जाण्याआधीच्या तीन महिन्यांच्या सरासरी रोजावर काढतात. म्हणजे शेवटच्या तीन महिन्यांत तिचा रोज ४०० वरून २५० वर आला, तर २६ आठवड्यांच्या रजेचे पैसेही त्याच हिशोबाने कमी होतात. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. दिवसाला दीडशे धरले तर २७,३०० रुपये तिचे बुडाले. हलक्या कामाच्या नावाखाली हे होता कामा नये.

कायदा काय म्हणतो? मातृत्व लाभ कायदा १९६१ चा, नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. बाईने मागितलं तर प्रसूतीच्या अंदाजित तारखेआधीच्या सहा आठवड्यांच्या मागचा एक महिना तिला कष्टाचं किंवा फार वेळ उभं राहायचं काम देता येत नाही. त्या सहा आठवड्यांत ती कामावर येत राहिली तर तेव्हाही हाच नियम. आणि या कारणाने काम बदललं म्हणून तिची नेहमीची मजुरी कापता येत नाही. जुन्या कायद्यातली ही तरतूद संहितेतही आली आहे. पण नीट बघा, हे संरक्षण शेवटच्या महिन्यांचं आहे. पहिल्या तीन-चार महिन्यांत, जेव्हा उष्णतेची आणि वजनाची भीती असतेच, तेव्हा काम बदलून मजुरी तशीच ठेवायची तर तो कारखान्याने स्वतःहून केलेला नियम असतो. म्हणून तो लिहून भिंतीवर लावा. आमचा कागद दोन ओळींचा आहे: "गरोदर बाईचं काम बदललं तर बदलाआधीच्या तीन महिन्यांच्या सरासरीइतका रोज मिळेल. नवीन कामात जास्त कमावलं तर जास्त मिळेल."

हा कागद लागला त्या हंगामात एक बाई आठव्या आठवड्यातच मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, माका दिवस गेलेत, पण माजी मजुरी कमी होतली काय?" आधीच्या वर्षांत मला ही बातमी चौथ्या-पाचव्या महिन्यात, तीही तिसऱ्याच कुणाकडून कळायची.

दुसरी पायरी: कुणी गरोदर नसतानाच कामाचा नकाशा काढा

बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी शेवटच्या पाळीपासून साधारण सहा आठवड्यांच्या आत बंद होते. तेव्हा बऱ्याच जणींना आपल्याला दिवस गेलेत हेही माहीत नसतं. त्या काळात शरीराचं तापमान बराच वेळ ३९ अंशांवर राहिलं तर त्या नळीत दोष राहण्याची शक्यता वाढते. म्हणून बातमी कळल्यावर धावपळ करायची ही पद्धतच चुकीची. बी कारखान्यात यायच्या आधी, फेब्रुवारीत, कोऱ्या कागदावर शेडचा आराखडा काढा आणि प्रत्येक जागेपाशी तीन गोष्टी लिहा: किती गरम, काय अंगावर किंवा नाकात जातं, किती वजन किती वेळा.

हे ऑफिसात बसून लिहू नका. प्रत्येक जागी अर्धा तास उभं राहा आणि मोजा. कामाचं नाव एक असतं आणि बाई प्रत्यक्षात करते भलतंच. आमच्या ग्रेडिंगवाल्या बायका दिवसभर बसून पाकळी, तुकडा, कणी वेगळं करतात असं मी लिहून ठेवलं होतं. मोजायला उभी राहिले तेव्हा दिसलं की भरलेले डबेही त्याच उचलून पॅकिंगला नेतात. निर्यातीचा एक डबा ११.३४ किलोचा, आणि खोक्यात असे दोन, म्हणजे जवळजवळ २३ किलो.

तिसरी पायरी: उष्णता मोजा, अंदाज लावू नका

कोकणात मे महिन्यात पारा ३४-३५ च्या वर फारसा जात नाही. त्यामुळे विदर्भातला पाहुणा म्हणतो, तुमच्याकडे कसला उन्हाळा. पण हवेत एवढा दमटपणा असतो की घाम वाळत नाही, नुसता वाहतो. घाम वाळला तरच अंग थंड होतं. म्हणून नुसता थर्मामीटर बघून कोकणातल्या शेडचा धोका कळत नाही.

यासाठी वापरतात त्या मापाला डब्ल्यूबीजीटी म्हणतात. त्याचं यंत्र विकत मिळतं. ते नसेल तर दोन साधे थर्मामीटर घ्या. एकाच्या टोकाला ओल्या मलमलीची वात गुंडाळा आणि तिचं दुसरं टोक पाण्याच्या वाटीत सोडा. दुसरा थर्मामीटर काळ्या रंगाने रंगवलेल्या पोकळ तांब्याच्या गोळ्यात बसवा. जुन्या टाकीतला तांब्याचा फ्लोट चालतो, जितका मोठा तितका चांगला. पंधरा-वीस मिनिटं काम चालतं त्या जागी, बाईच्या छातीच्या उंचीला ठेवा. मग शेडच्या आतला हिशोब असा:

```
WBGT = 0.7 × ओला पारा + 0.3 × काळ्या गोळ्याचा पारा
```

घरगुती साधनाने अचूक आकडा येत नाही, पण कुठली जागा जास्त वाईट हे स्पष्ट कळतं. मे महिन्यात सकाळी अकराला आमच्या शेडमध्ये आलेले आकडे देते. कुकरपाशी ओला पारा २८, काळा गोळा ४२. म्हणजे १९.६ अधिक १२.६, एकूण ३२.२. ग्रेडिंगच्या टेबलापाशी २७ आणि ३२, म्हणजे २८.५. सोलणीच्या खोलीत २७ आणि ३८, म्हणजे ३०.३.

आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे, उकाड्याची सवय असलेल्या निरोगी माणसाला बसून करायच्या हलक्या कामासाठी साधारण ३० पर्यंत आणि उचल-ठेव असलेल्या मध्यम कामासाठी २८ पर्यंत चालतं. हे आकडे गरोदर बाईसाठी काढलेले नाहीत, तिच्यासाठी यापेक्षा खालीच राहायचं. तमिळनाडूत ८०० गरोदर बायकांवर झालेला अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. उष्णतेत काम करणाऱ्या बायकांमध्ये गर्भपाताचं प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट आढळलं.

कुकर वाईट निघणार हे ठाऊकच होतं. मला धक्का बसला तो सोलणीच्या खोलीचा. माझी चूक हीच होती. गरोदर बाईला कुकरवरून काढून मी सोलणीला बसवत आले, बसून काम म्हणजे हलकं काम असं समजून. पण आमची सोलणीची खोली बोरमाच्या भिंतीला लागून आहे. बोरमात गर ७० अंशांच्या आसपास सहा-आठ तास सुकतात, आणि ती भिंत दिवसभर तापलेल्या तव्यासारखी असते. हाताला जाणवत होतं, पण बसणाऱ्या बाईच्या पाठीला किती लागत असेल याचा विचार केला नव्हता. एक वर्षी तिथे बसवलेली बाई दुपारी उठताना भिंत धरून खाली बसली. "ताई, माका गरगरता," एवढंच म्हणाली. तिच्या पाठीवरचं पोलकं भिजून पुन्हा सुकलं होतं आणि मिठाचा पांढरा पट्टा उमटला होता. तिला लगेच वाऱ्यात नेली, पाणी दिलं, दवाखान्यात नेली. सगळं नीट पार पडलं. पण ती जागा मीच तिला दिली होती.

त्यानंतर दोन बदल केले. बोरमा संध्याकाळी पेटवायचा, म्हणजे सकाळी सोलणीवाल्या येईपर्यंत भिंत उतरलेली असते. आणि सोलणीची टेबलं भिंतीपासून हलवून खिडकीकडे घेतली. काळा गोळा ३८ वरून ३३ वर आला, म्हणजे एकूण आकडा २८.८ झाला. ओला पारा कमी करणं आपल्या हातात फारसं नाही, तो समुद्राचा. पण तापलेल्या भिंतीचा, पत्र्याचा आणि कुकरचा वाटा कमी करता येतो. पत्र्याखाली झापांची छावणी घालूनही फरक पडतो.

पाण्याबद्दल बोलायचं तर संडासापासून सुरुवात करा. बायका पाणी पीत नाहीत कारण संडास मागे, लांब, कडी नसलेला असतो. दर तासाला पाणी प्या असा बोर्ड लावून काही होत नाही. आधी कडी लावा, दिवा लावा, बादलीत पाणी ठेवा, आणि किलोवर काम करणाऱ्या गरोदर बाईचे उठण्यातले पैसे जाणार नाहीत अशी सोय करा. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय, ही खूण प्रत्येकीला सांगा. पेज किंवा कोकम सरबत चालतं. मात्र जिचा बीपी वाढलेला आहे तिला मीठ घातलेलं काहीही डॉक्टरांना विचारूनच.

चौथी पायरी: वजन मोजताना सरासरी काढू नका

कच्च्या बीचं पोतं ८० किलोचं असतं. ते पुरुष हमाल उचलतात, त्यामुळे वजनाचा प्रश्न आमच्याकडे नाही असं मालक सांगतात. खरा प्रश्न क्रेटचा असतो.

आमचा हिशोब बघा. दिवसाला ४०० किलो बी, म्हणजे पाच पोती. एक पोतं म्हणजे कुकरचा एक घाणा. वीस किलोच्या चार क्रेटांतून तो घाणा कुकरमध्ये ओततात, वाफ दिल्यावर चार क्रेटांतून बाहेर काढून पसरतात, आणि दुसऱ्या दिवशी गार झालेली बी चार क्रेटांतून फोडणीच्या मशीनपाशी नेतात. एका घाण्याला बारा, पाच घाण्यांना साठ उचली. आठ तासांत साठ म्हणजे आठ मिनिटांना एक, ऐकायला काहीच नाही. पण उभं राहून बघितलं तर उचली अशा पसरलेल्या नसतात. घाणा उतरताना आणि पुढचा भरताना दहा मिनिटांत आठ क्रेट उचलले जातात, तेही जमिनीवरून आणि वाफेसमोर. मग बराच वेळ काहीच नाही. शरीराला सरासरी कळत नाही, ते दहा मिनिटं कळतात.

आपल्याकडे बाईसाठी वजनाची जी सर्वसाधारण मर्यादा असते ती गरोदरपण धरून ठरवलेली नाही. मी अमेरिकेतल्या एनआयओएसएच या सरकारी संस्थेचे आकडे वापरते. वजन अंगाजवळ, कमरेच्या उंचीला धरलेलं असेल तर त्यांच्या शिफारशी साधारण अशा आहेत: अधूनमधून, म्हणजे पाच मिनिटांत एकापेक्षा जास्त नाही अशी उचल असेल तर वीस आठवड्यांपर्यंत १६ किलो आणि त्यानंतर १२. दिवसात तासाभरापुरती पण लागोपाठ उचल असेल तर १४ आणि १०. तासाहून जास्त वेळ लागोपाठ असेल तर ८ आणि ६. ही तब्येत चांगली असणाऱ्या बाईसाठी आहे. जमिनीवरून आणि डोक्याच्या वर उचलणं टाळायचं, वजन कितीही कमी असो. पोट पुढे आलं की वजन अंगाजवळ धरताच येत नाही, हात लांब जातात आणि कमरेवरचा भार वाढतो.

आता या आकड्यांसमोर आपले वीस किलोचे क्रेट ठेवा. कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. अर्धे भरले तर दहा किलो, पण मग उचली दुप्पट. पहिल्या पाच महिन्यांत हे एक वेळ जमेल, तेही क्रेट जमिनीवर न ठेवता लाकडी घोडीवर ठेवले तर. त्यानंतर नाही. निर्यातीचा ११.३४ किलोचा डबाही वीस आठवड्यांनंतर फक्त अधूनमधून उचलण्यासारखा, आणि खोकं तर कधीच नाही. आम्ही शेवटी चार चाकांची एक ट्रॉली घेतली आणि डबे भरायचं टेबल तिच्या उंचीचं करून घेतलं, म्हणजे डबा सरकवायचा, उचलायचा नाही. याचा फायदा सगळ्याच बायकांच्या कंबरेला झाला.

फोडणीच्या मशीनचं लहानसंच सांगते. पायाने दाबायचं मशीन दिवसभर एका पायावर उभं राहून चालवावं लागतं. सहाव्या महिन्यानंतर ते नकोच. त्याआधी पाठ टेकता येईल असा उंच स्टूल आणि तासाला थोडी विश्रांती.

पाचवी पायरी: तेल, धूर आणि गोळ्या

टरफलातलं तेल बिब्ब्याच्या नात्यातलं. लागलं तिथे उततं, काळं पडतं, काहींना नंतर नुसत्या वाफेनेही अंगावर उठतं. बायका हाताला खोबरेल किंवा एरंडेल लावतात, राख चोळतात. हातमोजे द्या, पण फाटका मोजा नसल्यापेक्षा वाईट, कारण आत शिरलेलं तेल तिथेच दिवसभर राहतं. गरोदरपणात खाज सुटली तर ती तेलाची म्हणून सोडून देऊ नका. विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत तळहात-तळपायांना रात्री फार खाज येत असेल तर ती यकृताच्या त्रासाची खूण असू शकते, डॉक्टरांना दाखवायलाच हवं. कारखान्यातल्या बाईचं हे दुखणं नेमकं तेलाच्या नावावर खपून जातं.

धुराची भीती वेगळी आहे. टरफलं नीट जळली नाहीत की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही. तो आईच्या रक्तातून बाळाच्या रक्तात जातो, आणि बाळाचं रक्त तो जास्त घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे आई मोकळ्या हवेत बरी झाली तरी बाळाच्या रक्तातून तो उशिरा उतरतो. ओळखायची खूण अशी: एका खोलीतल्या दोघी-तिघींचं डोकं एकाच वेळी दुखायला लागतं, मळमळतं, आणि बाहेर गेल्यावर थांबतं. गरोदर बाईला मळमळतं म्हणून तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. त्यामुळे तिला विचारण्यापेक्षा शेजारणीला विचारा. तोंडाला बांधलेला फडका किंवा धुळीचा मास्क हा वायू अडवत नाही. चिमणी कुठल्या बाजूला आहे ते बघा. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून येतो. चिमणी शेडच्या त्या बाजूला असेल आणि छपरापेक्षा पुरेशी उंच नसेल, तर जून ते सप्टेंबर सगळा धूर आत येतो, आणि पावसाच्या माऱ्यामुळे खिडक्याही बंद असतात. उन्हाळ्यात केलेली तपासणी पावसाळ्यात लागू पडत नाही ती यामुळे. मिरगाला पुन्हा एकदा बघा.

गोदामातल्या गोळ्या म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. दमट हवेत त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, आणि तो माणसाला जीवघेणा आहे. या गोळ्या परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्यानेच वापरायच्या असतात. लहान युनिटमध्ये चूक होते ती दिवसांची. शनिवारी संध्याकाळी गोळ्या ठेवायच्या, सोमवारी सकाळी कामाला सुरुवात. पण वायू सुटायला आणि किडीवर काम करायला पाच-सात दिवस लागतात, म्हणजे सोमवारी तो सुटतच असतो. गोदामाची भिंत सोलणीच्या किंवा ग्रेडिंगच्या खोलीला लागून असेल तर फटींतून तो इकडे येतो. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास आला तर सगळ्यांना लगेच बाहेर काढा. मात्र वास आला नाही म्हणजे वायू नाही असं धरू नका. गोळ्या ठेवल्यापासून गोदाम उघडून, हवा खेळवून, मीटरवर दहा लाखांत ०.३ भागापेक्षा कमी आकडा दिसेपर्यंत गरोदर बाईला त्या भिंतीच्या आसपासही बसवायचं नाही. उरलेली करडी पूडही तिने झाडायची नाही. पेस्ट कंट्रोलवाल्याकडून तो आकडा लिहून घ्या.

सहावी पायरी: डॉक्टरांना कामाची चिठ्ठी पाठवा

बाई प्राथमिक आरोग्य केंद्रात जाते. डॉक्टर विचारतात, काय काम करता? ती म्हणते, काजूत. डॉक्टर लिहून देतात, "हलकं काम द्यावे." या तीन शब्दांनी सुपरवायझरला काहीच कळत नाही. चूक डॉक्टरांची नाही, त्यांनी आपली शेड पाहिलेली नाही. म्हणून जाताना तिच्या हातात चिठ्ठी द्या. कुकरवरच्या त्या आठव्या आठवड्यातल्या बाईबरोबर आम्ही दिलेली चिठ्ठी अशी होती:

"मा. डॉक्टर, या काजू कारखान्यात कुकरवर होत्या: जमिनीवरून २० किलोचे क्रेट दिवसाला साठ वेळा, वाफेजवळ. आता ग्रेडिंगच्या टेबलावर आहेत: पाठ टेकून बसून काम, उचल फक्त अधूनमधून ११.३४ किलोच्या डब्याची, खिडकीजवळ, दर तासाला दहा मिनिटं सुट्टी, कामाचे तास ९ ते ५. कृपया कळवावे: हे काम चालेल का, किती आठवड्यांपर्यंत, आणि कोणती लक्षणं दिसली तर लगेच पाठवावे."

उत्तर चार ओळींचं आलं. हिमोग्लोबिन कमी असल्याने दुपारी अर्धा तास आडवं होऊ द्यावं, आणि पुढच्या तपासणीनंतर पुन्हा कळवू. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. अशा बाईला उकाडा आणि वजन दोन्ही लवकर बाधतात. पण तिचा रिपोर्ट मागणं आपलं काम नाही. तिने स्वतःहून दाखवला तर ठीक, आणि दाखवला तर तो तिच्या-आपल्यातच राहिला पाहिजे. गावची आशा ताई बहुतेक वेळा तिच्या घरी जातेच, तिला तिच्या परवानगीने बदललेलं काम सांगून ठेवा.

एवढं झाल्यावर वहीत तिच्यासाठी एक पान उघडा. तारीख, किती आठवडे, आधीचं काम, आताचं काम, मजुरी किती धरली, तिची सही. आमच्या वहीत त्या बाईच्या पानावर चार नोंदी आहेत. ८ वा आठवडा: कुकर बंद, ग्रेडिंग, रोज ४००. १४ वा: गोदामात गोळ्या, सात दिवस पॅकिंगच्या खोलीत बसवली. २० वा: डबे उचलणं बंद, ट्रॉलीवाली दुसरी. २८ वा: पाय सुजतात, पायाखाली पाट, सुट्टी वाढवली. दर चार आठवड्यांनी आणि काहीही बदललं की पान उघडायचं. पाचव्या महिन्यात योग्य असलेलं काम आठव्या महिन्यात योग्य राहत नाही.

एक इशारा. "घरी बस, बाळंत झालीस की ये" असं सांगणं म्हणजे काम बदलणं नव्हे. काम करता येईल अशी जागा शोधणं आपल्यावर आहे. तिला राहायचं असेल तर तिला घालवायचं नाही, आणि कुणालाही नोकरी देताना गरोदर आहेस का असं विचारायचं नाही.

लगेच काम थांबवायचं केव्हा

रक्त दिसणं, पाणी जाणं, पोट पुन्हा पुन्हा आवळून येणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, जोराचं डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं, तोंडावर सूज. उकाड्यात चक्कर, बोलण्यात गोंधळ, अंग तापून घाम थांबणं. यातलं काहीही दिसलं तर वाट बघायची नाही. १०२ किंवा १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत डाव्या कुशीवर सावलीत झोपवा, उकाड्याचा त्रास असेल तर मानेवर, काखेत ओले फडके ठेवा आणि वारा घाला. कुकर चालू आहे, घाणा जळेल, म्हणून दहा मिनिटं थांबवलेलं मी पाहिलं आहे. घाणा जळू द्या.

बाळंतपणानंतर परत आली की

पहिले सहा आठवडे तिला कामावर घेणं कायद्यानेच बंद आहे. परत आल्यावर पान पुन्हा उघडायचं, कारण पोट मोकळं झालं तरी शिवण, कंबर आणि रक्त भरून यायला वेळ लागतो. बाळाला पाजण्यासाठी बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन वेळा सुट्टी मिळते, नेहमीच्या विश्रांतीशिवाय, आणि त्याचे पैसे कापायचे नसतात. पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर लागतं.

काजूतल्या बाईसाठी यात एक खास गोष्ट आहे. टरफलाचं तेल पोलक्याला, पदराला लागलेलं असतं आणि बाळाच्या गालाला लागलं तर फोड येतात. म्हणून फोडणीजवळ काम करणाऱ्या बाईला एक जादा एप्रन द्या, पाजायला जाताना तो काढून खुंटीला अडकवायचा. नंतर हाताला आधी खोबरेल चोळायचं, मग साबणाने धुवायचं. नुसत्या पाण्याने ते तेल निघत नाही. आमच्याकडे ती खुंटी, तेलाची बाटली आणि साबण पाळणाघराच्या दाराच्या बाहेरच आहेत.